लिंबाचा काटा, आजीचे जुलाब आणि कॅप्सूलचा हिशोब

श्रीगोंद्यात कुठल्याही मेडिकलवर थोडा वेळ उभं राहून बघा. अँटिबायोटिकची चिठ्ठी आली की तिच्या शेपटीला बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते, 'पोटातल्या चांगल्या जंतूंची' कॅप्सूल. दुकानदार दोन्ही स्ट्रिपा एकाच कागदी पाकिटात टाकतो. एक जंतू मारायची, दुसरी जंतू भरायची. आमच्या घरी तर याला 'जोडी' म्हणतात. गोळी आणली की आजी विचारायची, "जोडी दिली का रे?"

याच आजीमुळे मी हा लेख लिहितेय. माझा पीएचडीचा विषय अँटिबायोटिकांचा इतिहास आहे, त्यामुळे या जोडीतल्या पहिल्या गोळीबद्दल मी बरंच वाचलं होतं. दुसरीबद्दल मात्र मीही इतरांसारखंच धरून चालले होते, की फायदा नसेल झाला तरी तोटा काय? तीन वर्षांपूर्वी आजीच्या तळपायात लिंबाच्या बागेत काटा मोडला. आमच्याकडच्या बागाईतदाराला हे काही नवीन नाही. पण आजीला साखरेचा त्रास, त्यामुळे चार दिवसांत पाय घोट्यापर्यंत लाल झाला आणि सुजला. तिला क्लिंडामायसिन सुरू झालं, सात दिवसांचं. सोबत जोडी होतीच.

पाचव्या दिवशी पायाची सूज उतरली आणि जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-दहा वेळा, पाण्यासारखे, वेगळाच उग्र वास. घरात सगळ्यांचं एकच निदान, "गॅस्ट्रो झालाय, काहीतरी बाधलंय." तालुक्याच्या ठिकाणी सलाईन लावलं, जुलाब थांबवायची कॅप्सूल दिली आणि वर आणखी एक अँटिबायोटिक, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलची ती ओळखीची एकत्र गोळी. दोन दिवस जुलाब कमी वाटले. पण पोट टम्म फुगलं, ताप चढला आणि आजी ग्लानीत जायला लागली. मग आम्ही तिला पुण्याला हलवलं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला तो असा, "गेल्या तीन महिन्यांत आजींनी कोणकोणती औषधं घेतली?" जेवणाबद्दल तिने नंतर विचारलं. तो क्रम का बरोबर होता, हे समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

निरोगी बाळाच्या पोटातला अवघड जंतू

1935 साली अमेरिकेत आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओ'टूल हे दोघं नवजात बाळांच्या शीत कोणकोणते जंतू असतात ते तपासत होते. त्यांना एक लांबट जंतू सापडला. प्राणवायू लागला की मरायचा आणि प्रयोगशाळेत वाढवताना फार सतवायचा. म्हणून त्याचं नाव ठेवलं डिफिसिलिस, म्हणजे अवघड. त्याने तयार केलेलं विष सशाला आणि गिनीपिगला टोचलं की प्राणी मरत. पण ज्या बाळांच्या पोटात तो होता ती मात्र खेळतीबागडती. विष बनवणारा जंतू आणि ठणठणीत बाळ, हे कोडं सुटेना, तेव्हा कागद कपाटात गेला आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथेच राहिला.

(आज या जंतूचं पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल. 2016 पर्यंत क्लॉस्ट्रिडियम म्हणत. मी पुढे सी-डिफ एवढंच म्हणते.)

मधल्या काळात अँटिबायोटिकं आली. आपल्याकडे त्यांचा पत्ता श्रीगोंद्यापासून फार लांब नाही. पिंपरीला 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. आमच्या आजीच्या पिढीने जखमेने आणि बाळंतपणाने माणसं मरताना पाहिलेली. त्यांना ती सुई म्हणजे चमत्कारच वाटला, आणि तो होताही. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी अँटिबायोटिकला शिव्या घालू नयेत. आजीचा पाय त्याच औषधाने वाचला.

पण त्याच काळात जगभरच्या डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागलं, की ही औषधं घेतल्यावर काही लोकांना जुलाब लागतात. बहुतेकांचे साधेच. त्यामागचं कारणही साधं. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतू न पचलेलं पिष्ट आणि तंतू आंबवून टाकतात. ते जंतूच मेले की हा माल तसाच पडून राहतो, पाणी ओढून घेतो आणि शौच पातळ होते. औषध संपलं की चार-दोन दिवसांत गाडी रुळावर येते. अँटिबायोटिकने होणाऱ्या जुलाबांपैकी बहुतांश याच जातीचे असतात, आणि पाचातला एक किंवा त्याहूनही कमी सी-डिफचे.

हे थोडे मात्र वेगळेच होते. शवविच्छेदनात त्यांच्या आतड्याला आतून पिवळसर पापुद्रे चिकटलेले दिसायचे. असे पापुद्रे 1893 सालीही एका शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या तरुणीच्या आतड्यात दिसले होते, म्हणजे अँटिबायोटिक यायच्याही आधी. 1950 च्या दशकात या आजाराचं खापर स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूवर फोडलं गेलं, कारण शौचाच्या तपासणीत तो सापडायचा. उपाय म्हणून व्हॅन्कोमायसिन तोंडाने देत, आणि रुग्ण बरे होत! आरोपी चुकीचा, शिक्षा बरोबर. उपाय लागू पडला म्हणजे कारण बरोबर सापडलं असं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, दुसऱ्या कॅप्सूलच्या वेळी कामाला येईल.

मातीतलं औषध आणि हॅमस्टर

1962 मध्ये एक नवं अँटिबायोटिक जाहीर झालं, लिंकोमायसिन. नाव पडलं अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरावरून, कारण तिथल्या मातीतल्या जंतूपासून ते मिळालं होतं. त्यात थोडा रासायनिक बदल करून क्लिंडामायसिन बनलं, आणि आजीला दिलेलं औषध ते हेच. पोटातल्या, त्वचेतल्या, हाडातल्या संसर्गावर ते चांगलं चाले, त्यामुळे सत्तरच्या दशकात धडाक्यात वापरात आलं.

1974 मध्ये सेंट लुईस शहरातले डॉक्टर फ्रान्सिस टेडेस्को यांनी एक सरळ काम केलं. क्लिंडामायसिन घेणाऱ्या 200 रुग्णांवर नीट लक्ष ठेवलं आणि ज्यांना जुलाब झाले त्यांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहिलं. 42 जणांना जुलाब झाले, आणि 20 जणांच्या आतड्यात तेच पिवळे पापुद्रे सापडले, म्हणजे दहातल्या एकाला. शिवाय ज्याच्यावर खापर फुटत होतं तो स्टॅफिलोकॉकस काही त्यांच्यात सापडेना.

मग आरोपी कोण? उत्तर हॅमस्टरने दिलं. या उंदरासारख्या प्राण्याला क्लिंडामायसिन दिलं की त्याचं आतडं सुजायचं आणि तो मरायचा. बॉस्टनमध्ये जॉन बार्टलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या हॅमस्टरच्या आतड्यातला द्राव अतिशय बारीक गाळणीतून गाळला. जंतू वर राहिले, द्राव खाली आला. तो गाळलेला द्राव दिला तरी दुसरा हॅमस्टर आजारी पडे. म्हणजे आजार घडवणारी गोष्ट जंतूने सोडलेलं विष होती. मग त्यांनी वेगवेगळी प्रतिविषं लावून पाहिली. क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली नावाच्या जंतूवरचं प्रतिविष लागू पडलं. झालं, चोर सापडला असं वाटलं. पण द्रावात सॉर्डेली सापडेचना. सापडला तो त्याचा चुलतभाऊ, 1935 च्या कपाटातला सी-डिफ. दोघांच्या विषात एवढं साम्य, की एकाचं प्रतिविष दुसऱ्याला चालतं. 1978 मध्ये हाच जंतू आणि हेच विष माणसांच्या शीतही दाखवलं गेलं. ब्रिटनमधल्या संशोधकांचं कामही त्याच सुमारास याच निष्कर्षाला पोचलं.

या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. व्हॅन्कोमायसिन चालू असेपर्यंत हॅमस्टर जगत, बंद केलं की काही दिवसांनी पुन्हा आजारी पडत. हा आजार उलटतो, याची ही पहिली सूचना होती.

आता बाळांचं कोडं. सी-डिफ बीजाणूच्या रूपात, म्हणजे कडक कवचातल्या झोपलेल्या अवस्थेत, आतड्यात येतो. निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यातले इतर जंतू त्याला जागा देत नाहीत. शिवाय ते पित्तातल्या आम्लांचं रूप असं बदलतात की त्यात सी-डिफ वाढू शकत नाही. अँटिबायोटिकने हे राखणदार मेले की बीजाणू फुटतो, जंतू वाढतो आणि विष सोडतो. बाळांच्या आतड्यात राखणदार अजून बसलेले नसतात, म्हणून जंतू सहज राहतो. पण त्यांना विषाची बाधा क्वचितच होते. त्या विषाला चिकटायला लागणाऱ्या जागा त्यांच्या आतड्यात अजून तयार नसाव्यात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाची ही तपासणी सहसा करतच नाहीत. सापडला तरी अर्थ लावता येत नाही.

आजीची तपासणी

पुण्यात आजीच्या शौचाची दोन भागांत तपासणी झाली. एक भाग सांगतो जंतू आहे का, दुसरा सांगतो विष आहे का. दोन्ही लागतात, कारण नुसता जंतू निरोगी माणसातही असू शकतो. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ होत असेल तरच नमुना पाठवायचा. घट्ट शौचाचा नमुना पाठवून काही उपयोग नाही. आजीचे दोन्ही भाग पॉझिटिव्ह आले.

मग उलट्या क्रमाने सगळं उलगडत गेलं. जुलाब थांबवायची कॅप्सूल बंद झाली, कारण ती आतड्याची हालचाल मंदावते आणि विष आतच साचण्याचा धोका असतो. नवीन अँटिबायोटिक बंद झालं, कारण ऑफ्लॉक्सासिनचं कुळही सी-डिफला रान मोकळं करून देणाऱ्या औषधांच्या यादीत वरच आहे. आगीवर पाणी म्हणून आम्ही दोन दिवस रॉकेल ओतत होतो. क्लिंडामायसिनचा कोर्स संपलाच होता. आणि व्हॅन्कोमायसिन सुरू झालं, 125 मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तोंडाने. कॅप्सूल मिळाली नाही म्हणून 500 मिलिग्रॅमची इंजेक्शनची कुपी पाण्यात विरघळवून तिचे चार भाग केले. काकाला वाटलं नर्सची चूक होतेय. "अहो सिस्टर, इंजेक्शन आहे ते, पाजताय काय?" पण पाजायचंच होतं. हे औषध शिरेतून दिलं तर आतड्यात उतरत नाही आणि तोंडाने दिलं तर आतड्याबाहेर जवळजवळ जात नाही. इथे आपल्याला तेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दहाव्या दिवशी आम्ही श्रीगोंद्याला परत आलो. आणि अठराव्या दिवशी जुलाब पुन्हा सुरू झाले. पहिल्यांदा हा आजार झालेल्या पाचातल्या साधारण एकाला तो असा उलटतो. पुन्हा व्हॅन्कोमायसिन घेतलं, या वेळी हळूहळू कमी करत बरेच आठवडे. मग मात्र ती सुटली.

भारतात हा आजार नसतोच असा समज होता आणि अजूनही आहे. चंडीगडच्या पीजीआयमध्ये यावर वर्षानुवर्षं काम झालंय, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही आपल्या रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध केलेत. आजार आहे. पण आपल्याकडे जुलाबाची इतर कारणं एवढी मुबलक, की याची आठवणच होत नाही. आणि आठवण झाली नाही तर तपासणी होत नाही.

आता दुसरी कॅप्सूल

पुण्याहून परत येताना गाडीत आईने विचारलं, "पण तिने जोडी घेतली होती ना? मग कसं झालं?" हा प्रश्न मी पुढचे काही महिने घेऊन बसले.

आंबवलेल्या दुधातल्या जंतूंनी पोट सुधारतं ही कल्पना शास्त्रात आणली एली मेचनिकॉफ यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये. कल्पना पटण्यासारखी आहे, आपल्याकडे तर दहीभात ती रोजच सांगतो. अँटिबायोटिकने राखणदार मेले, मग नवे राखणदार आणून बसवा. पण पटण्यासारखं असणं आणि खरं असणं यात फरक आहे. त्यासाठी लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागायचं, एकाला जंतू द्यायचे, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं काही द्यायचं आणि मोजायचं.

2007 मध्ये लंडनच्या तीन रुग्णालयांत हे केलं गेलं. पन्नाशीच्या पुढचे, अँटिबायोटिक चालू असलेले 135 रुग्ण. एका गटाला जंतू असलेलं आंबवलेल्या दुधाचं पेय दिवसातून दोनदा, औषध संपल्यावरही आठवडाभर. दुसऱ्याला निर्जंतुक मिल्कशेक. पेय घेणाऱ्यांत जुलाब 12 टक्क्यांना, मिल्कशेकवाल्यांत 34 टक्क्यांना. सी-डिफ पेयवाल्यांत एकालाही नाही, दुसरीकडे 53 पैकी 9 जणांना. एवढा फरक! वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या.

पण बारीक अक्षरं वाचा. 135 रुग्ण मिळवायला 1760 जण पाहिले होते, म्हणजे तेरातला एक घेतला. मग हे कुठले लोक होते, आणि बाकीच्या बारांना हे लागू पडेल का? दुसरं, तुलनेला मिल्कशेक. ज्यांना दूध पचत नाही त्यांना मिल्कशेकनेच जुलाब होऊ शकतात. तसं झालं असेल तर पेय आहे त्यापेक्षा गुणकारी दिसणार.

म्हणून मोठी चाचणी हवी होती. ती वेल्स आणि ईशान्य इंग्लंडमधल्या पाच रुग्णालयांत झाली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 65 वर्षांपुढचे 2941 रुग्ण. निम्म्यांना चार जातींचे मिळून 60 अब्ज जंतू असलेली कॅप्सूल रोज, एकवीस दिवस. निम्म्यांना रिकामी कॅप्सूल. जुलाब झाले जंतूवाल्यांत 10.8 टक्क्यांना आणि रिकामीवाल्यांत 10.4 टक्क्यांना. फरक नाहीच. सी-डिफ 12 विरुद्ध 17 जणांना. पाच माणसांचा फरक, तोही तीन हजारांत, नुसत्या योगायोगानेही पडू शकतो.

मग कोण खरं? 2017 मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी अशा 31 चाचण्या, 8672 माणसं, एकत्र केली. एकूण बेरजेत सी-डिफ जंतू घेणाऱ्यांत 1.5 टक्के आणि न घेणाऱ्यांत 4 टक्के. बेरीज कॅप्सूलच्या बाजूने दिसते. पण त्यांनी चाचण्यांची वाटणी केली तेव्हा गंमत कळली. ज्या ठिकाणी कॅप्सूल न घेणाऱ्यांत सी-डिफचं प्रमाण 5 टक्क्यांच्या वर होतं, तिथेच फायदा दिसत होता, 11.6 वरून 3.1 टक्के. जिथे मुळात प्रमाण कमी, तिथे फायदा दिसत नव्हता.

हे हजार माणसांवर मांडून बघू. जिथे आजार पसरलेला आहे अशा वॉर्डात हजार जण अँटिबायोटिक घेतायत. कॅप्सूल न देता 116 जणांना सी-डिफ होईल, देऊन 31 जणांना. 85 वाचले, म्हणजे साधारण बारा जणांना द्या, एक वाचेल. हे चांगलं औषध म्हणायचं. आता 2013 च्या चाचणीसारखी जागा घ्या, जिथे हजारात बाराच जणांना होतो. तिथे कॅप्सूलने हा आकडा आठवर आला असं क्षणभर खरं मानलं, तरी एकाला वाचवायला अडीचशे जणांनी तीन आठवडे ती घ्यायची. आणि तो फरक खरा आहे की नाही याचीही खात्री नाही.

खुद्द या वाटणीलाही एक मर्यादा आहे. ती आकडे हातात आल्यावर केलेली आहे, आधी ठरवून नाही. त्यात छोट्या चाचण्या जास्त, आणि छोट्या चाचण्यांत फायदा फुगून दिसतो. त्यामुळे एकच पुरावा वाचून अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञ संघटनांनी दोन सल्ले दिलेत. 2020 मध्ये एकीने म्हटलं, ठराविक जाती द्यायला हरकत नाही, पण पुरावा कच्चा आहे. 2021 मध्ये दुसरीने म्हटलं, सी-डिफ टाळायला देऊ नका. डॉक्टर-डॉक्टरांत मत वेगळं पडतं ते यामुळे, कुणी अडाणी आहे म्हणून नाही.

मुलांचं थोडं वेगळं आहे. तिथे प्रश्न सी-डिफचा नसून साध्या जुलाबांचा असतो. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात 33 चाचण्यांमध्ये जुलाबाचं प्रमाण 19 वरून 8 टक्क्यांवर आलेलं दिसलं. नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. हा फायदा आहे, पण आपसूक थांबणाऱ्या जुलाबांपुरता.

कोणते जंतू?

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. 'चांगले जंतू' ही काही एक वस्तू नाही. लंडनच्या पेयातले जंतू वेगळे, वेल्सच्या कॅप्सूलमधले वेगळे. आजीच्या स्ट्रिपमध्ये बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू होते, जे या दोन्हींत नव्हते. काही स्ट्रिपांवर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स' लिहिलेलं असतं. तो मुळात लॅक्टोबॅसिलस नाहीच, बॅसिलस कोॲग्युलन्स आहे, जुनं चुकीचं नाव बाजारात टिकून राहिलंय. आयसीएमआरच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खाद्यपदार्थातल्या अशा जंतूंची जात आणि वाण वेष्टनावर लिहावं असं आहे, ते उगाच नाही. एका वाणाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवता येत नाही. घरच्या दह्यालाही नाही, कारण विरजणात कोणते जंतू किती, हे घरोघरी आणि दिवसागणिक बदलतं. दही खा, अन्न म्हणून उत्तम आहे. पण 2007 ची चाचणी दह्याच्या नावावर खपवू नका.

आणि 'तोटा काय' याचंही उत्तर मिळालं. सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं एक यीस्ट पाकिटातून मिळतं. अँटिबायोटिक त्याला मारत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण आयसीयूतल्या, मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णांच्या रक्तात ते शिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. कधीकधी शेजारच्या खाटेवर पाकीट फोडताना उडालेल्या कणांमुळेही. म्हणून युरोपात अशा रुग्णांना ते देण्यावर बंदी आहे. चालत्याबोलत्या माणसाला धोका नगण्य, पण शून्य नाही.

ब्रिटनमध्ये साथ कशाने ओसरली

2007 आणि 2013 च्या चाचण्यांमध्ये आणखी एक फरक होता, तो मला शेवटी सापडला. 2007 च्या आसपास ब्रिटनच्या रुग्णालयांत सी-डिफची साथ शिखरावर होती. वेल्सची चाचणी 2008 च्या अखेरीपासून पुढे झाली, तेव्हा ती वेगाने उतरत होती. धोका आधीच कमी झालेला, मग कॅप्सूलने काय कमी करायचं?

आणि तो कमी झाला कशाने? कॅप्सूलने नाही. स्वच्छतेचे नियम कडक झाले, पण नंतर जंतूंच्या जनुकांचा माग काढला तेव्हा दिसलं की ओसरले ते मुख्यतः ऑफ्लॉक्सासिनच्या कुळातल्या औषधांना दाद न देणारे वाण. त्या औषधांचा वापर आवळला आणि त्या वाणांचं रान संपलं. इतर वाण फारसे हलले नाहीत. म्हणजे साथ ओसरण्यात सर्वात मोठा वाटा न लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा होता.

आजीला क्लिंडामायसिन गरजेचं होतं. जोडी घेऊनही तिला सी-डिफ झाला, यावरून जोडी निकामी असं म्हणता येत नाही. एका माणसावरून काहीच म्हणता येत नाही. नाहीतर स्टॅफिलोकॉकसवाल्यांची चूक आपण उलटी करू. पण जुलाब लागल्यावर दिलेलं दुसरं अँटिबायोटिक मात्र गरजेचं नव्हतं, आणि ते देताना पहिल्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आता आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्यात. पहिली, फ्रिजवर एक कागद लावलाय. कुणीही अँटिबायोटिक घेतलं की तारीख आणि नाव तिथे लिहायचं, आणि पुढच्या तीन महिन्यांत जुलाब लागले तर तो कागद डॉक्टरांना आधी दाखवायचा. दुसरी, आजीच्या त्या दिवसांत आम्ही सगळे हाताला सॅनिटायझर चोळत होतो, त्याने बीजाणू मरत नाहीत. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतले की ते निघून जातात, आणि संडास ब्लीचने पुसावा लागतो. हे पुण्याच्या सिस्टरांनी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "आमच्या वेळी तेच करायचो की, राख लावून."

काटा मात्र अजून मोडतोच. हल्ली ती बागेत चप्पल घालून जाते.